अलगूच्या खुर्चीत नववीचा वर्ग

आपल्या मंडळात मुलांचं नाटक म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. गणेशोत्सवाच्या महिना-दीड महिना आधी तालमी सुरू होतात, संवाद पाठ होतात, कुणाच्या तरी आजीचं नऊवारी मागून आणलं जातं आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत सगळे नातेवाईक बसतात. ते नाटक बघणाऱ्यांसाठी असतं. या लेखात ज्या नाटकाबद्दल लिहितोय त्याला प्रेक्षक नाहीत, संहिता नाही, पाठांतर नाही आणि प्रयोगही नाही. ते वर्गात घडतं, दोन तासिकांत संपतं आणि त्यात सगळा वर्ग पात्र असतो. गोष्टीतल्या एखाद्या माणसासमोर जो पेच उभा राहिला, तो पेच स्वतः त्याच्या जागी बसून सोडवून बघायचा, एवढंच त्याचं काम.

ही पद्धत नवी नाही. इंग्लंडमधल्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती घडवली आणि जगभरच्या शिक्षकांना शिकवली. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की मुलांना अभिनय शिकवायचा नाही, त्यांना एका अवघड प्रसंगात उभं करायचं आणि तिथून विचार करायला लावायचं. शिक्षकाने बाहेर उभं राहून सूचना देण्यापेक्षा स्वतःच एखादी भूमिका घेऊन त्या प्रसंगात शिरावं, हीही त्यांचीच रीत.

मी बीई झालेला, दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस. पण कॉलेजात एकांकिकांचा नाद होता आणि माझी मावसबहीण इथे इंदूरमध्ये एका माध्यमिक शाळेत हिंदी शिकवते. तिच्या नववीच्या वर्गात आम्ही दोघांनी मिळून हा पाठ घेतला. वर्गातली बरीच मुलं घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणारी, म्हणजे आपल्याच घरांतली. तो पाठ कसा बेतला, कुठे रंगला आणि कुठे घसरत होता, ते क्रमाने सांगतो. मुलांचं बोलणं हिंदीत झालं, इथे मी ते मराठीत देतोय.

गोष्ट कोणती निवडायची

सगळं यश इथेच ठरतं. ज्या गोष्टीत एक बाजू उघडच चूक असते, ती या कामाला निरुपयोगी. लाच घ्यावी की नाही, यावर वर्गात कुणीच मनापासून दुसरी बाजू मांडत नाही. मुलं परीक्षेतलं उत्तर देतात आणि मोकळी होतात. आम्हाला अशी गोष्ट हवी होती, जिच्यात दोन्ही बाजूंनी काहीतरी खरं गमावायचं आहे, निर्णय एका माणसाने घ्यायचा आहे आणि निर्णयाच्या आधी गोष्ट थांबवता येईल अशी एक नेमकी जागा आहे.

प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही १९१६ सालची कथा या तिन्ही कसोट्यांना उतरते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे लहानपणापासूनचे जिवलग मित्र. दोघेही जुम्मनच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले. जुम्मन हजला गेला तेव्हा घर अलगूच्या भरवशावर सोडून गेला. गावात अलगूला मान आहे तो त्याच्या पैशामुळे आणि जुम्मनला मान आहे तो त्याच्या विद्येमुळे. जुम्मनने लिहिलेल्या दस्तात कचेरीतल्या कारकुनालाही खोट काढता येत नाही.

जुम्मनची एक म्हातारी खाला आहे, म्हणजे मावशी. तिला दुसरं जवळचं कुणी नाही. गोड बोलून जुम्मनने तिची थोडीशी जायदाद आपल्या नावावर लिहून घेतली. तो कागद म्हणजे हिब्बानामा, आपल्या भाषेत बक्षीसपत्र. कागद होईपर्यंत खालाची बडदास्त होती. कागद झाल्यावर जुम्मनची बायको करीमन भाकरीबरोबर टोमणेही वाढू लागली. शेवटी खाला म्हणाली, मला महिन्याला थोडे पैसे द्या, मी माझं शिजवून खाईन. जुम्मनने नकार दिला. खालाने पंचायत बोलावली. जुम्मन निर्धास्तपणे म्हणाला की खाला म्हणेल तो पंच मला मान्य आहे. आणि खालाने नाव घेतलं ते अलगूचं.

आम्ही गोष्ट इथे कापली. मुलांच्या हातात दिलेल्या कागदावर याच्या पुढची एकही ओळ नव्हती. ही बारीकसारीक वाटणारी गोष्ट आहे, पण तिच्याशिवाय पाठ उभाच राहत नाही. शेवट माहीत असलेला मुलगा अलगूच्या जागी बसून विचार करत नाही, तो लेखकाचं उत्तर आठवतो. वर्गात दोघातिघांनी ती गोष्ट आधी वाचलेली निघाली. त्यांना ताईने पंचायतीचे लेखनिक केलं, म्हणजे बोलायचं काही नाही, कोण काय म्हणालं ते लिहून घ्यायचं. त्यांचं टिपण पुढे फार उपयोगी पडलं.

पहिलं काम: काय माहीत आहे, काय नाही

दुसऱ्या दिवशी सलग दोन तासिका मिळाल्या, म्हणजे ऐंशी मिनिटं. पहिली दहा मिनिटं कुणीही कुठलीही भूमिका घेतली नाही. फळ्यावर तीन रकाने आखले: गोष्टीत स्पष्ट दिलेलं, कुणीतरी नुसतं म्हटलेलं आणि अजिबात न दिलेलं. जायदाद जुम्मनच्या नावावर झाली, हे पहिल्या रकान्यात. खालाला पोटभर जेवण मिळत नाही, हे दुसऱ्या रकान्यात, कारण ते खाला म्हणते. जमिनीचं उत्पन्न नेमकं किती, हे तिसऱ्यात.

सॉफ्टवेअरमधला बिघाड शोधताना आम्ही हेच करतो. आधी दिसलेलं आणि ऐकलेलं वेगळं करायचं, मग कारणांकडे वळायचं. मुलांनी हे काम केल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की पंचाला निवाडा द्यायचा असेल तर तिसऱ्या रकान्यातल्या बऱ्याच गोष्टी विचारून घ्याव्या लागतील. म्हणजे प्रश्न विचारायची गरज त्यांच्याच मनात तयार झाली. मग चार-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाने तीन-तीन प्रश्न लिहून काढले. प्रश्न कुणाला विचारायचा, तेही लिहायचं होतं. यात पंधरा मिनिटं गेली.

खुर्चीवरची साक्ष

आता वर्गाच्या मध्ये एक खुर्ची ठेवली. या तंत्राला हॉट-सीटिंग म्हणतात. गोष्टीतलं पात्र खुर्चीवर येऊन बसतं आणि वर्ग त्याला प्रश्न विचारतो. पात्राने गोष्टीतल्या माहितीला धरून, पण मोकळ्या जागा स्वतः भरून उत्तरं द्यायची. नियम तीनच होते: प्रश्नच विचारायचा, भाषण करायचं नाही. उत्तर पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने बोलायचं नाही. आणि ज्याला उत्तर द्यायचं नसेल त्याने “मला सांगायचं नाही” म्हटलं तरी चालेल.

खाला ताई स्वतः झाली. खांद्यावर एक साधी शाल घेतली, खुर्चीत थोडी वाकून बसली, एवढाच वेश. आवाज म्हातारा केला नाही. शिक्षकाने पहिली भूमिका घेण्यामागे कारण आहे. मुलं पहिल्यांदा अशा खुर्चीवर बसली की हसतात, आणि वर्ग एकदा हसला की पुढचा सगळा पाठ फार्स होतो. शिक्षिका गंभीरपणे बसल्यावर वर्गाला सूर सापडतो. शिवाय ताईने सगळ्यांत दुबळ्या माणसाची भूमिका निवडली. शिक्षिका सरपंच झाली असती तर मुलं पुन्हा तिच्याच तोंडाकडे बघत बसली असती. खाला झाल्यामुळे उलटं झालं. मुलं प्रश्न विचारणारी, ती उत्तर देणारी.

एका मुलाने विचारलं, “तुम्ही जायदाद लिहून का दिली? कुणी जबरदस्ती केली होती का?” ताई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “नाही. माझं कुणी नाही म्हणून दिली. कागद केला नसता तर मला घरात कुणी ठेवलं असतं?” तो मुलगा खाली बसला. त्याला खाला भोळी ठरवायची होती. पण ती भोळी नव्हती, तिच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता.

जुम्मन एकट्या मुलाला केला नाही. तीन मुलं एका बाकावर बसली आणि तिघं मिळून एक जुम्मन झाली. एकाने उत्तर दिलं की दुसऱ्याने त्याच धाग्याने पुढे न्यायचं. याने लाजऱ्या मुलांवरचं ओझं कमी होतं आणि पात्राच्या मनातली ओढाताणही आपोआप दिसते. जुम्मनचं म्हणणं गोष्टीतलंच होतं: उत्पन्न थोडं आहे, घरात बायकांचं पटत नाही, आणि मुख्य म्हणजे हिब्बानाम्यात महिन्याच्या खर्चाचा उल्लेखच नाही. इथे एका मुलीने पहिल्या रकान्याकडे बोट दाखवून विचारलं, “तुम्ही गावाचे दस्त लिहिता. तुमच्या लिखाणात कुणाला खोट सापडत नाही. मग स्वतःच्या मावशीच्या कागदात तिचा खर्च लिहायचं तुमच्याकडून राहिलं, की तुम्ही ठेवलं?”

बाकावरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला “राहिलं”, त्याच क्षणी दुसरा म्हणाला “तिने सांगितलंच नाही”. दोन वेगळी उत्तरं आली आणि लेखनिकांनी ती दोन्ही लिहून घेतली. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती, पण जुम्मनच्या विद्येचा उल्लेख आणि त्या कागदातली रिकामी जागा यांचा असा संबंध माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

करीमनची बाजू

तिसरी साक्ष करीमनची. आम्ही ती ठेवू की नको असा विचार करत होतो, कारण गोष्टीत ती फक्त कजाग आहे. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने स्वतःहून हात वर केला. तिला पहिलाच प्रश्न आला, “म्हाताऱ्या बाईला टोमणे मारताना लाज नाही वाटत?” ती म्हणाली, “खालाला आयुष्यभर सांभाळीन असा शब्द माझ्या नवऱ्याने दिला. जमीन त्याच्या नावावर झाली. भाकरी कोण थापतं? तिचं दुखलंखुपलं कोण बघतं? मला कुणी विचारलं होतं?”

वर्ग शांत झाला. आपल्यापैकी ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, त्यांना हे वाक्य परकं वाटणार नाही. शब्द एकाने द्यायचा आणि तो दुसऱ्याने पाळायचा, हे करीमनच्या घरात होतं तसंच आजही पुष्कळ घरांत आहे. याने टोमणे मारणं योग्य ठरत नाही, असं लगेच एका मुलाने म्हटलंही. पण त्यानंतर कुणी करीमनला खलनायिका म्हणून प्रश्न विचारला नाही. गोष्टीचा पेच दोन मित्रांपुरता होता, तो आता एका घरापर्यंत पोचला.

मनाची गल्ली

आता निर्णयाची वेळ. आधी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचं होतं: तू अलगू आहेस, निवाडा काय देशील आणि का? चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवायची, कुणाला दाखवायची नाही. ही चिठ्ठी फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर मुलं वर्गातल्या हुशार मुलाचं मत ऐकतात आणि तेच स्वतःचं म्हणून सांगतात.

मग वर्गाच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या केल्या. इंग्रजीत याला कॉन्शन्स अ‍ॅली म्हणतात, आम्ही ‘मनाची गल्ली’ म्हटलं. अलगू झालेला मुलगा या गल्लीतून हळूहळू चालत पंचाच्या आसनाकडे जातो. दोन्ही बाजूंची मुलं म्हणजे त्याच्या मनातले विचार. तो जवळ आला की प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं.

पहिल्या फेरीत हा प्रकार साफ कोसळत होता. जो तो म्हणत होता, “आपण नेहमी न्यायाने वागलं पाहिजे”, “सत्याचा विजय होतो”, “अन्याय सहन करू नये”. फळ्यावरचे सुविचारच जणू. हे कसं ओळखायचं, याची एक सोपी खूण त्या दिवशी मला सापडली. सर्वनाम ऐकायचं. मुलं ‘आपण’ म्हणून बोलायला लागली की ती अलगूच्या मनात नाहीत, मूल्यशिक्षणाच्या तासात आहेत. अलगूच्या मनातला विचार ‘तू’ किंवा ‘मी’ म्हणून बोलतो.

ताईने फेरी थांबवली आणि दोन बदल केले. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवल्या: डावी रांग मित्राच्या बाजूने, उजवी खालाच्या. आपलं स्वतःचं मत काहीही असो. आणि प्रत्येक वाक्यात गोष्टीतली किंवा आत्ताच्या साक्षीतली एक तरी गोष्ट आली पाहिजे. दुसऱ्या फेरीत भाषाच बदलली. डावीकडून आलं, “तो हजला गेला तेव्हा घर तुझ्याकडे सोपवून गेला होता.” “त्याच्या बापाने तुला शिकवलं.” “उद्या तुझ्यावर वेळ आली तर कोण उभं राहील?” उजवीकडून आलं, “तिने साऱ्या गावातून तुझंच नाव घेतलं.” “त्याला दस्त लिहिता येतात, तिला येत नाहीत.” “तू गप्प बसलास तर तेही जुम्मनच्याच बाजूचं मत आहे.” अलगू झालेला मुलगा शेवटी पोचला तेव्हा त्याला लगेच बोलता आलं नाही. त्याला अर्धा मिनिट दिला.

पंचाने उठून जावं का

इथे एका मुलाने वेगळाच मुद्दा काढला आणि पाठाचं सगळ्यांत चांगलं बोलणं त्यावर झालं. तो म्हणाला, “अलगूने पंच व्हायलाच नको. मॅचमध्ये ज्या देशाची टीम खेळते त्याच देशाचा अंपायर ठेवला तर लोक ओरडणार नाहीत का?” मुद्दा पक्का होता. न्यायाधीशही ज्या खटल्यात त्यांचा जवळचा संबंध असेल त्यातून बाजूला होतात. गोष्टीतला अलगूही आधी टाळायलाच बघतो. पंचायतीला येईन पण तोंड उघडणार नाही, असं तो खालाला सांगतो आणि नाव आल्यावर जुम्मनशी असलेल्या मैत्रीची आठवण करून देतो.

वर्गाने याला उत्तर शोधलं ते असं. अंपायर बदलता येतो, कारण दुसरा अंपायर असतो. या गावात जुम्मनच्या विरोधात बोलेल असा आहे कोण? एक तर त्याचे मिंधे किंवा त्याचे वैरी. वैऱ्याने खालाच्या बाजूने निकाल दिला तर जुम्मन म्हणेल, सूड घेतला. मित्राने दिला तर त्याला तसं म्हणता येणार नाही. म्हणजे खालाने अलगूला निवडलं ते भाबडेपणाने नव्हे, चांगलं ओळखून. एका मुलीने याचा शेवट केला: “उठून गेला तर अलगूचा पेच सुटतो. खालाचा नाही सुटत.” तो मुलगा शेवटपर्यंत आपल्या मतावर राहिला, आणि ते ठीकच होतं. सगळ्यांचं एकमत करणं हा या पाठाचा हेतू नाही.

मग चिठ्ठ्या उघडल्या आणि त्यांच्यामागे, आता विचार बदलला असेल तर नवं मत लिहायला सांगितलं. निवाडा फारसा कुणाचा बदलला नव्हता. बदललं होतं ते कारण. आधी बहुतेकांनी लिहिलं होतं, “कारण खाला म्हातारी आणि गरीब आहे.” नंतरच्या चिठ्ठ्यांत होतं, “सांभाळण्याचा शब्द हीच जमिनीची किंमत होती, ती जुम्मनने दिलेली नाही.” किंवा, “पैसे द्यावेत, कारण वेगळं शिजवलं तर करीमनचंही काम कमी होईल.” पाठ साधला की नाही हे बघायचं ते इथे. कुणाची दया आली म्हणून दिलेला निकाल आणि कुणाचा हक्क ओळखून दिलेला निकाल यांत फरक आहे. तो मुलांना कुणी सांगितला नव्हता.

यानंतर ताईने गोष्टीतला अलगूचा निवाडा वाचून दाखवला. जायदादीतून महिन्याचा खर्च देण्याइतकं उत्पन्न निघतं, म्हणून तो द्यावा, आणि द्यायचा नसेल तर हिब्बानामा रद्द समजावा. मी मुलांना एवढंच सांगितलं की आपल्या देशात २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठी कायदा झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मिळवण्याची सोय त्याच्या कलम २३ मध्ये आहे. आणि तशी अट होती की नव्हती, यावर आजही कोर्टात भांडणं होतात. जुम्मनच्या कागदातली रिकामी जागा शंभर वर्षांनंतरही भरलेली नाही.

फासे उलटल्यावर

गोष्टीचा दुसरा भाग तिसऱ्या दिवशी एका तासिकेत घेतला. निकालानंतर मैत्री तुटते. अलगूच्या बैलजोडीतला एक बैल मरतो, आणि त्याला संशय येतो की जुम्मननेच विष घातलं. उरलेला बैल तो समझू साहूला उधारीवर विकतो. साहू त्याला इतका राबवतो की एके दिवशी बैल रस्त्यातच पडून मरतो, आणि मग साहू पैसे द्यायला नकार देतो. पुन्हा पंचायत बसते, आणि साहू मुद्दाम जुम्मनला सरपंच निवडतो.

आम्ही पुन्हा तिथेच थांबलो. आदल्या दिवशी जी मुलं डाव्या रांगेत मित्राच्या बाजूने बोलली होती, तीच आता जुम्मन झाली. जुम्मनला या वेळी मैत्रीचा मोह नाही, सुडाचा आहे. प्रश्न एकच: ज्या नियमाने तुम्ही काल हरलात, तोच नियम आज शत्रूच्या फायद्यासाठी वापराल का? मुलांनी कालच्या टिपणांतून कालचीच वाक्यं शोधून एकमेकांना ऐकवली. लेखनिकांचा उपयोग झाला तो इथे. कथेत जुम्मन अलगूच्या बाजूने निकाल देतो: विकत घेताना बैल धडधाकट होता, तेव्हा पूर्ण किंमत द्यावी. पंचाच्या आसनावर बसल्यावर त्याला जबाबदारीची जाणीव होते, असं प्रेमचंद सांगतात. एका मुलाला ते पटलं नाही. “खुर्चीवर बसून माणसं बिघडतात असंच मी बघितलंय,” तो म्हणाला. ताईने त्याला खोडून काढलं नाही. “मग जुम्मन का नाही बिघडला, ते घरून लिहून आण,” म्हणाली.

कुठे सांभाळायचं

तीन ठिकाणी हा पाठ हातातून जाऊ शकतो. पहिलं, सोंग. मुलं लगेच टोपी, दाढी आणि हेल काढून बोलायला जातात. जुम्मन आणि खाला यांची थट्टा सुरू झाली की वर्गातल्या एखाद्या मुलाला ती स्वतःच्या घराची थट्टा वाटू शकते. म्हणून वेश नाही, हेल नाही, फक्त खुर्ची आणि शाल. दुसरं, सिनेमातला वकील. आवाज चढले की थांबवायचं आणि पुढच्या उत्तराआधी दहापर्यंत मनात मोजायला लावायचं.

तिसरं सगळ्यांत नाजूक. म्हातारं माणूस आणि जमिनीची वाटणी हा विषय काही मुलांच्या घरात त्या क्षणी चालू असतो. कुणाचा आवाज बदलला, डोळे खाली गेले की त्या मुलाकडून पुढचं उत्तर काढायचं नाही. “माझ्या घरी असं झालं” हे वर्गात बोलायला कधीच लावायचं नाही. भूमिकेचा फायदाच तो आहे, की मूल स्वतःबद्दल न बोलता बोलू शकतं. आणि भूमिकेतून बाहेर काढल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. शाल काढून ठेवायची, खुर्ची बाजूला करायची, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं आणि “मी करीमन नाही, पण मला तिचं हे पटलं, हे पटलं नाही” असं एक वाक्य म्हणायचं. करीमन झालेल्या मुलीला मधल्या सुट्टीत कुणी त्या नावाने हाक मारू नये, एवढं तरी त्याने साधतं.

या पाठाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अलगूच्या खुर्चीत बसून न्याय देणारा मुलगा उद्या स्वतःच्या मित्राविरुद्ध खरं बोलेलच, असं यातून सिद्ध होत नाही. साठ मुलांच्या वर्गात मनाची गल्ली लांबते आणि शेवटची मुलं कंटाळतात. तिथे दोन गल्ल्या कराव्या लागतील, म्हणजे दोन शिक्षकही लागतील. आणि तीन तासिका एका गोष्टीवर घालवल्या की अभ्यासक्रम मागे पडतो, म्हणून हे वर्षातून दोन-तीनदाच जमणारं काम आहे.

घरी किंवा मंडळाच्या सुट्टीतल्या शिबिरात मात्र हे सोपं आहे. सहा-सात मुलं, एक खुर्ची आणि निर्णयाच्या आधी कापलेली एक गोष्ट पुरते. आपल्याकडे ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणतात. मुलांना जुम्मनच्या मावशीची गोष्ट वाचून दाखवा, नेमकी त्या जागी थांबा आणि खुर्चीवर घरातल्या आजीला बसवा. प्रश्न मुलांना विचारू द्या. उत्तरं देताना आजीने उपदेश करायचा नाही, एवढी एकच अट आहे.